‘आत्ताच जेवले’ आणि ‘आजी करायची’: इंग्रजी काळ मराठीत आणताना

प्रश्न: मी चोपड्याची. एका इंग्रजी आत्मकथनाचं मराठी करते आहे, हे माझं पहिलंच काम. ‘आय हॅव जस्ट ईटन’ला मी ‘मी नुकतीच जेवलेली आहे’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी ‘आत्ताच जेवले’ केलं. लेखिकेच्या आजीबद्दलच्या ‘शी यूज्ड टु मेक’ला ‘ती बनवत असे’ लिहिलं, त्याचं त्यांनी ‘करायची’ केलं. कारण विचारलं तर ‘कानाला बरं वाटतं’ एवढंच उत्तर. शाळेत तर पूर्ण वर्तमानकाळ आणि रीतिभूतकाळ असेच शिकवले होते. मग नियम काय?

उत्तर:

तपासणाऱ्या बाईंचे दोन्ही बदल बरोबर आहेत. पण त्या उत्तराने तुमचं समाधान झालं नाही, हेही बरोबरच. कानाला बरं वाटतं त्यामागे काहीतरी कारण असतं, आणि ते हाती लागलं नाही तर पुढच्या पानावरचं वाक्य कसं करायचं ते आपलं आपल्याला ठरवता येत नाही. मी जळगावला असते आणि गेली २२ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. आत्मकथनं, मुलांच्या गोष्टी, शेतीच्या माहितीपुस्तिका, कोर्टकचेरीचे कागद, सगळं केलं. या दोन काळांवर मी जितकं खोडलंय तितकं दुसऱ्या कशावर खोडलं नसेल.

अडचणीचं मूळ शाळेतल्या तक्त्यात आहे. एका रकान्यात इंग्रजी काळ, शेजारच्या रकान्यात मराठी काळ, आणि ‘हॅव’च्या समोर ‘आहे’. दोन्हीकडे सहायक क्रियापद दिसतं म्हणून दोन्ही एकच असं आपण धरून चालतो. पण इंग्रजीत ‘आय एट’ म्हटलं की गोष्ट ‘तेव्हाची’ होते, ऐकणारा ‘कधी?’ याची वाट बघतो. तीच गोष्ट आताशी जोडायची तर इंग्रजीला ‘हॅव’ लावावंच लागतं. मराठीतल्या ‘जेवले’वर अशी सक्ती नाही. ‘जेवले’ हे रूप सगळ्यात आधी सांगतं ते क्रिया पुरी झाल्याचं. ती कधी पुरी झाली हे शेजारचे शब्द आणि समोरचा प्रसंग सांगतो. आपल्या व्याकरणात या रूपाला त्यातल्या ‘ल’वरून लाख्यात असंही एक नाव आहे, त्यात काळ येतच नाही. मला ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं. कारण भुसावळच्या फलाटावर लांब इंजिन दिसलं की आपण ‘आली गाडी’ म्हणतो, तेव्हा गाडी अजून आलेली नसते. ‘चहा झालाय’ अशी हाक आली की ‘आलेच’ म्हणतो, आणि तेव्हा आपण खुर्चीतून उठलेलोही नसतो. नुसता भूतकाळ असता तर हे चाललं नसतं.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे. आपल्याकडे दुपारी दीडच्या सुमाराला कुणाच्या घरी गेलं की काय होतं ते आठवा.

‘या, पानं घेतलीच आहेत.’

‘नको हो वहिनी, आत्ताच जेवलो.’

‘असं कसं, भरीत केलंय. दोन घास खा.’

‘खरंच जेवलोय हो. जेवूनच निघालो घरून.’

हे बोलणं मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्यातला क्रम जवळपास कधी बदलत नाही. पहिला नकार ‘जेवलो’ असतो. आग्रह झाला की ‘जेवलोय’ येतं. पहिल्यात फक्त बातमी आहे: जेवण झालं, नुकतंच झालं, आणि ‘नुकतंच’चं सगळं काम ‘आत्ताच’मधला तो ‘च’ करतो. दुसऱ्यात माणूस स्वतःच्या स्थितीवर बोट ठेवतो. मी आता जेवलेल्या अवस्थेत आहे, बघा, पोटात जागा नाही. हा ‘आहे’ नकाराचं कारण म्हणून पुढे केलेला असतो. म्हणजे मराठीतला पूर्ण वर्तमानकाळ कुठे गेला नाही, त्याची जागा दुसरी आहे, एवढंच. तो ‘आताच घडलं’ हे सांगायला येत नाही. एखादी स्थिती आता टिकून आहे, आणि तिच्या आधारावर मला काही म्हणायचंय, अशा वेळी तो येतो.

हे पटायला उलट बाजूने बघा. ‘तो बसला आहे’, ‘ती झोपली आहे’, ‘बाळ जागं झालंय’. रूप पूर्ण वर्तमानकाळाचं, पण इंग्रजीत यांचं भाषांतर सहसा ‘हॅज’ने होत नाही, ‘इज सिटिंग’, ‘इज अस्लीप’, ‘इज अवेक’ असं साध्या वर्तमानाने होतं. मराठीला इथे स्थिती दिसते. आणखी एक खूण म्हणजे ‘काल’. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात बसत नाहीत. मराठीत ‘मी काल सांगितलंय त्याला’ हे अगदी रोजचं वाक्य आहे, कारण सांगणं कालचं असलं तरी ‘त्याला माहीत आहे’ ही स्थिती आजची आहे. म्हणूनच आपली मुलं इंग्रजी लिहिताना ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ लिहितात आणि गुण घालवतात. त्यांचं मराठी त्यांना बरोबरच सांगत असतं, चुकतो तो तक्ता.

तुमच्या वाक्यात ‘जेवलेली आहे’ असं होतं. ‘-लेली’ लावलं की स्थिती अजून घट्ट होते. ‘खिडकी उघडली’ ही घटना, ‘खिडकी उघडली आहे’ मध्ये घटनाही आहे आणि स्थितीही, आणि ‘खिडकी उघडलेली आहे’ मध्ये कुणी कधी उघडली याच्याशी आपल्याला देणंघेणं उरत नाही. ‘नुकतीच’ हा शब्द मात्र घटनेचा आहे, घड्याळाकडे बघणारा आहे. म्हणजे तुमच्या वाक्यात एक शब्द घटनेकडे ओढत होता आणि दुसरा स्थितीकडे. कानाला खटकलं ते हे. शिवाय ‘नुकतंच’ आणि ‘आत्ताच’ यांच्या मापातही फरक आहे. ‘आत्ताच’ मिनिटांचा, फार तर तासाभराचा. ‘नुकतंच’ दिवसांचा, आठवड्यांचा. ‘त्यांनी नुकतंच घर बदललं’, ‘नुकतंच लग्न झालंय’. त्यातून ‘नुकतंच’ जरा लेखी वळणाचं. दारात उभं राहून कुणी ‘मी नुकतंच जेवलो’ म्हणत नाही.

इथे आपल्या भागातल्या माणसाला एक जादा अडचण असते, ती मोकळेपणाने बोलायला हवी. अहिराणीत ‘बसेल शे’, ‘करेल शे’ अशी रूपं आहेत, आणि त्याच साच्यावर आपण मराठी बोलताना ‘तो बसेल आहे’, ‘मी ते काम करेल आहे’, ‘गाडी लावेल आहे’ म्हणतो. हे रूप स्थिती दाखवायला फार नेमकं आहे, मला ते ऐकायला आवडतं, आणि घरात मी तसंच बोलते. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘बसेल’ म्हणजे पुढे कधीतरी बसणार असं वाटतं. ‘बसेल आहे’ वाचून तो अडखळतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्याच्या तोंडी ‘-एल आहे’ बसलंय तो प्रमाण मराठीत लिहायला बसला की त्याचं रूपांतर ‘-लेला आहे’ असं करतो, प्रत्येक ठिकाणी. ‘मी पाहेल आहे’चं ‘मी पाहिलेलं आहे’. त्यामुळे आपल्याकडच्या भाषांतरांत ‘-लेला आहे’ जरुरीपेक्षा जास्त सापडतो. तुमची ‘जेवलेली’ बहुधा त्याच वाटेने आली असावी. तसंच बायकांच्या तोंडी आपल्याकडे ‘मी जेवली’ येतं. लंडनच्या बाईचं आत्मकथन असेल तर निवेदनात ‘मी जेवले’ ठेवा. एखाद्या पात्राला मुद्दाम आपल्या भागाची बोली द्यायची ठरवली असेल, तर मात्र ती पुस्तकभर द्यावी लागेल.

‘आय’ बाई आहे की बुवा, हेही इंग्रजी सांगत नाही. ‘जेवलो’ की ‘जेवले’ हे ठरवायला कधी कधी चार पानं मागे-पुढे जावं लागतं. ते कळायची सोयच नसेल, किंवा लेखकाने मुद्दाम लपवलं असेल, तर ‘माझं आत्ताच जेवण झालं’ ही वाट आहे. यात लिंग दिसत नाही, आणि मराठीत हे जास्तच घरगुती आहे. आपण एकमेकांना विचारतो ते ‘जेवण झालं का?’ असंच. ‘आत्ताच खाल्लं’ म्हटलं तरी लिंग लपतं, पण मग अर्थ बदलतो. खाणं म्हणजे वडा, भजी, फळ. जेवणं म्हणजे ताट मांडून. ‘ईटन’ हा एकच शब्द, त्याचं काय करायचं ते तिथे घड्याळात किती वाजलेत यावरून ठरवा.

मग ‘आहे’ हवाच असतो तो कुठे? एक, अनुभव सांगताना. ‘हॅव यू एव्हर सीन अजिंठा?’ याचं ‘तुम्ही अजिंठा पाहिलाय का?’ असंच होतं. ‘पाहिला का?’ म्हटलं तर ‘या सहलीत पाहिला का?’ असा अर्थ निघतो. दुसरं, जबाबदारीने काही कबूल करताना. प्रतिज्ञापत्रात ‘वरील मजकूर मी वाचला आहे’ याच्या जागी ‘वाचला’ लिहून चालत नाही. तिथे वाचल्याची बातमी द्यायची नसते, वाचलेलं असण्याची हमी द्यायची असते.

आणि एका जागी पूर्ण वर्तमानकाळ सरळ सरळ अर्थ उलटा करतो. मी कामाला लागले तेव्हाची गोष्ट. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा कागद मराठीत करायचा होता. इंग्रजीत होतं की ते ३० वर्षं भुसावळला राहत आले आहेत, ‘हॅज लिव्ह्ड’. मी तक्त्याप्रमाणे ‘ते ३० वर्षे भुसावळ येथे राहिले आहेत’ असं केलं. ज्या कार्यालयात कागद गेला तिथून तो परत आला: सध्याचा पत्ता द्या. त्यांनी बरोबरच वाचलं होतं. मराठीत ‘राहिले आहेत’ म्हणजे राहून झालं, तो अनुभव त्यांच्या गाठीशी आहे, आता ते तिथे असतीलच असं नाही. त्या गृहस्थांना दोन खेपा जास्त पडल्या, आणि ते मी अजून विसरले नाही. जे सुरू होऊन अजून चालूच आहे त्याला मराठीत वर्तमानकाळच लागतो. ‘ते ३० वर्षांपासून भुसावळला राहतात.’ किंवा बोलण्यातलं, ‘त्यांना भुसावळला येऊन ३० वर्षं झाली.’ वर मी माझ्याबद्दल ‘गेली २२ वर्षं भाषांतर करते’ असं लिहिलं, तेही त्याचमुळे. ‘केलं आहे’ लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आता सोडलं.

तेव्हा ‘हॅव’ दिसला की मी आधी एवढंच बघते: ही गोष्ट आता संपलेली आहे की चालू आहे? चालू असेल तर वर्तमानकाळ. संपलेली असेल तर बोलणारा बातमी देतोय, की त्या गोष्टीच्या जोरावर काही म्हणतोय? बातमी असेल तर साधं ‘जेवले’, जोर असेल तर ‘जेवलेय’. नकार असेल तर तर बहुतेक वेळा प्रश्नच मिटतो. ‘डिड नॉट’ आणि ‘हॅव नॉट’ दोन्हींना आपण ‘जेवले नाही’च म्हणतो, आणि फरक करायचा झाला तर ‘अजून’ तो करतो.

या ‘अजून’वरून तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे जाते, कारण इथे दोन्ही प्रश्न एकमेकांना भिडतात. ‘आजी अजून जेवली नाही’ हे आपण आणखी एका तऱ्हेने म्हणतो: ‘आजी अजून जेवायची आहे.’ आता यातला ‘अजून’ आणि ‘आहे’ काढा. ‘आजी आमच्याकडे जेवायची.’ पहिल्यात जेवण व्हायचं राहिलंय. दुसऱ्यात ते कितीतरी वर्षं रोज होत होतं. एकच ‘जेवायची’, आणि एका ‘आहे’ने अर्थ पुढून मागे जातो. हे रूप वापरताना म्हणूनच तीन गोष्टींकडे नजर ठेवावी लागते.

पहिली, कर्त्याला ‘ने’ लागत नाही. ‘आजीने मांडे केले’ इथे ‘ने’ हवा आणि ‘केले’ मांड्यांप्रमाणे. पण सवय सांगताना ‘आजी मांडे करायची’, क्रियापद आजीप्रमाणे. नव्या भाषांतरकारांच्या कागदांत ‘आजीने मांडे करायची’ असं सापडतं, कारण आधीच्या वाक्यातला ‘ने’ हाताला चिकटून येतो. दुसरी, ‘ला’ आला की अर्थ इच्छेचा किंवा गरजेचा होतो. ‘आजीला मांडे करायचे होते’ म्हणजे तिच्या मनात होतं, केले की नाही ते माहीत नाही. तिसरी गोष्ट तुमच्या ‘बनवत’ची. तपासणाऱ्या बाईंनी तोही शब्द बदललाय, ते तुमच्या लक्षात आलं नसावं. मांडे, भाकरी, भरीत, चहा हे आपण करतो. ‘बनवणं’ हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे आणखी लवकर शिरतं.

आता ‘करत असे’ का नको, ते. ते चुकीचं नाही. रीतिभूतकाळ सांगायच्या मराठीत तीन तऱ्हा आहेत: ‘आजी मांडे करायची’, ‘आजी मांडे करत असे’ आणि ‘आजी मांडे करी’. तिघींचा काळ एक, पण बोलणारा माणूस वेगळा. ‘करायची’ म्हणणारा त्या चुलीजवळ बसलेला असतो. ‘करत असे’ म्हणणारा थोडा लांब उभा आहे, चरित्र लिहितोय, गावाचा इतिहास लिहितोय. ‘करी’ हे गोष्ट सांगणाऱ्याचं किंवा जुन्या पुस्तकाचं. एखाद्या संस्थापकाच्या चरित्रात ‘ते पहाटे चारला उठत असत’ शोभतं. नात आजीबद्दल लिहिते तेव्हा ‘असे’ आला की आजी भिंतीवरच्या तसबिरीत जाते. तुमचं आत्मकथन आहे, म्हणून ‘करायची’. पण त्याच पुस्तकात लेखिका आपल्या जन्माआधीचं, ऐकीव काही सांगत असेल, तर तिथे मी ‘असे’कडे परत जाईन.

‘करत होती’ हा पर्यायही मोह घालतो, आणि तिथे घसरायला होतं. ‘मी गेले तेव्हा आजी मांडे करत होती’ हा एका दिवसाचा प्रसंग. सवय त्यातून निघत नाही. मात्र ‘राहणं’, ‘शिकणं’, ‘नोकरी करणं’ यांसारख्या लांबत जाणाऱ्या गोष्टींना ते चालतं: ‘तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो.’

आणि ‘देअर यूज्ड टु बी अ वेल हिअर’ असं काही आलं तर ‘विहीर असायची’ करू नका. ‘चौकात मंगळवारी बाजार असायचा’ हे बरोबर, कारण बाजार भरायचा आणि उठायचा. विहीर येत-जात नव्हती, ती होती. ‘इथे पूर्वी विहीर होती.’ तो ‘पूर्वी’ही विसरू नका. इंग्रजीच्या ‘यूज्ड टु’मध्ये ‘आता तसं नाही’ हे बहुतेक वेळा गृहीत असतं. मराठीच्या ‘करायची’मध्ये ते तितकं पक्कं नाही. आजी गेली म्हणून ती करायची, की हात दुखतात म्हणून हल्ली करत नाही, की अजूनही करते, हे ‘करायची’ एकटं सांगू शकत नाही. मूळ वाक्याचा भार त्या ‘आता नाही’वरच असेल तर ‘पूर्वी’, ‘तेव्हा’, ‘आधी’ यांतला एक शब्द टाकावाच लागतो. (‘आय अ‍ॅम यूज्ड टु इट’ हे वेगळंच प्रकरण आहे, तिथे ‘मला सवय आहे’ हे बरोबर. पण त्यामुळे ‘आजीला मांडे करायची सवय होती’ असं मात्र होऊ देऊ नका, ते खोड असल्यासारखं वाटतं.)

पुस्तकभर काम करताना जी अडचण सगळ्यात जास्त छळते ती मात्र वेगळी आहे. इंग्रजी लेखक एकदा ‘यूज्ड टु’ म्हणतो, मग ‘वुड’ वापरतो, मग साध्या भूतकाळावर येतो, आणि सवयीचा अर्थ परिच्छेदभर टिकतो. पहिलं म्हणजे हा ‘वुड’ ओळखा, त्याचं ‘करेल’ किंवा ‘केलं असतं’ होऊ देऊ नका. आणि मराठीत आपण प्रत्येक वाक्याला ‘-यची’ लावत गेलो तर यमक जुळायला लागतं. मी शिकवायला बसते तेव्हा आपल्याच घरचा एक परिच्छेद घेते, आखाजीचा. कच्चा खर्डा असा येतो:

‘आखाजीला आत्या माहेरी यायच्या. आजी पहाटे उठायची. ती चूल पेटवायची. ती खापर ठेवायची. ती पुरण भरायची. ती मांडा हातावर फिरवायची. तो खूप मोठा व्हायचा. मग ती तो खापरावर टाकायची. आम्ही झोक्यावर बसायचो.’

एकेक वाक्य शुद्ध आहे आणि परिच्छेद वाचवत नाही. यावर मी काय करते ते सांगते. आधी सवयीचं रूप फक्त तिथे ठेवते जिथे माणूस किंवा जागा बदलते. मधल्या हालचाली ‘-ऊन’ आणि ‘-त’ने एकात एक ओवते, कारण मराठीत एकामागून एक होणाऱ्या कामांची तीच वाट आहे. मग जे आधीच झालेलं असतं त्याला ‘-लेलं असायचं’ देते. इंग्रजीत तिथे ‘वुड हॅव’ किंवा ‘हॅड’ असतो, आणि तुमचे दोन्ही काळ इथे एका क्रियापदात येतात: पुरं झालेलं, आणि दर वेळी पुरं झालेलं. शेवटी ‘ती’ आणि ‘तो’ काढून टाकते, क्रियापदातच ते दिसतात. मग असं होतं:

‘आखाजीला आत्या माहेरी यायच्या. आम्ही उठेपर्यंत आजीची चूल पेटलेली असायची, खापर तापलेलं असायचं. पुरण भरून, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मांडा कोपरापर्यंत पसरला की अलगद खापरावर. आम्ही झोका सोडून बघायला यायचो. ‘जेवले का रे सगळे?’ आजी न बघताच विचारायची. ‘आत्ताच जेवलो,’ आम्ही म्हणायचो, आणि तरी ताट घेऊन बसायचो.’

‘अलगद खापरावर’ला क्रियापदच नाही, ते मुद्दाम. तिथे ‘टाकायची’ लिहिलं तर हात थांबतो. आणि मुलांच्या तोंडी ‘जेवलोय’ न ठेवता ‘जेवलो’ ठेवलंय, कारण त्यांना नकार द्यायचाच नाही.